तोंडमिळवणी

ग्रुप फोटोंमधून एक फोटो निवडायची आमच्या घराण्याची पद्धत अगदी लोकशाहीची आहे. प्रत्येक जण फक्त स्वतःकडे बघतो आणि मत देतो. नानाकाकांच्या पंचाहत्तरीला, 10 डिसेंबरला, वाईच्या वाड्याच्या अंगणात फोटोग्राफरने भराभर फोटो काढले. त्यांतला एक बहुमताने निवडून आला, कारण त्यात तिन्ही आत्या बारीक दिसत होत्या आणि काकूचे डोळे उघडे होते. वीस बाय तीस इंचांची फ्रेम करायची, ती दिवाणखान्यात लावायची, हेही ठरलं. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला त्या नानांकडे कुणी पाहिलंच नव्हतं. पुणेरी पगडी, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ आणि चेहऱ्यावर शिंक. तीही झालेली नाही, होऊ घातलेली. मान मागे, नाकपुड्या फुगलेल्या, डोळे अर्धे मिटलेले आणि तोंड असं वासलेलं की समोर बसलेल्या पोरांनी बाजूला व्हावं.

"दुसऱ्या फोटोतलं तोंड ह्याच्यावर नाही का बसवता येत?" काकू म्हणाली.

"एवढंच ना? मी करतो," मी म्हणालो.

घरात मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा जुना समज आहे. एकदा सोसायटीच्या गणपतीच्या फ्लेक्सवर मी शुभेच्छुकांची वीस डोकी वीस वर्तुळांत बसवली होती, त्यावरून तो पसरला. त्यातल्या एकावर ऊन उजवीकडून, दुसऱ्यावर डावीकडून आणि खजिनदारांवर तर खालून उजेड होता, पण कुणाची तक्रार आली नाही. फ्लेक्सवर ही माणसं एका वेळी एका जागी उभी होती असा कुणाचा दावाच नसतो. फ्रेममधल्या नानांबाबतीत मात्र नेमका तोच दावा करायचा होता, आणि हा फरक माझ्या ध्यानात यायला बराच वेळ लागला.

मी सुरुवात केली ती सगळे करतात तशीच, सर्वांत हसरा फोटो शोधून. पुतणीच्या रिसेप्शनमधला सापडला. नाना प्रसन्न, दात स्वच्छ, चेहरा मोठा आणि स्पष्ट. तो कापला, लहान केला, पगडीखाली बसवला, कडा मऊ केल्या. मग रंग जुळवला, उजेड वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. प्रत्येक वेळी नाना पगडीखालून असे बघत, जणू कुणीतरी त्यांच्या तोंडाचा कागदी मुखवटा घालून बसलं आहे. आईला दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, पण नाना आजारी होते का रे त्या दिवशी?"

आजारी नव्हते, उजेड चुकला होता. अंगणात सकाळचं साडेदहाचं ऊन फोटोच्या डाव्या हाताने, वरून येत होतं. रांगेतल्या बहुतेकांचा डावीकडचा गाल उजळ होता आणि नाकाची सावली उजवीकडे, ओठाच्या कोपऱ्याकडे पडली होती. रिसेप्शनमध्ये उजेड होता कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा. तो समोरून येतो, त्यामुळे नाकाला सावली नाही, गालांना उतार नाही आणि दोन्ही बाहुल्यांच्या अगदी मधोमध एकेक पांढरा ठिपका. रंग `Curves` मध्ये हलवता येतो, चेहरा उजळ किंवा गडद करता येतो. पण उजेड कुठल्या बाजूने आला हे चेहऱ्यावर कायमचं लिहिलेलं असतं. ते पुसायचं तर नाकाची सावली हाताने रंगवावी लागते, आणि ती मी रंगवूनही पाहिली. त्यानंतर नानांना मिशी फुटल्यासारखी वाटू लागली.

पुढे मला एक युक्ती कळली आणि ती मात्र खरोखर कामाची आहे. दोन्ही फोटो आधी काळेपांढरे करायचे आणि मग `Threshold` लावायचं. चेहरा नाहीसा होतो, उरतात फक्त पांढरे आणि काळे डाग. ऊन कुठून आलं याचा तो नकाशाच. लक्ष्य असलेल्या फोटोत पांढरा डाग डावीकडे आणि उगमाच्या फोटोत सगळीकडे सारखा असेल, तर पुढचे दोन तास वाचवावेत. माझी अडचण अशी की नानांचा मूळ चेहरा शिंकेने इतका चुरगळला होता की त्यावरून नकाशा नीट निघेना. म्हणून मी शेजारच्या थोरल्या आत्याच्या नाकाची सावली प्रमाण धरली. आत्याचं नाक या कामासाठी आदर्श आहे, पण हे तिला सांगायची सोय नाही. मी स्वतः रांगेच्या पार टोकाला आंब्याखाली उभा होतो, त्यामुळे माझ्या नाकाचा काही उपयोग नव्हता.

आता उजेड बघून फोटो निवडायचा, एवढं शहाणपण आलं. दिवाळीच्या फराळाचा एक फोटो होता, व्हरांड्यातला. ऊन डावीकडून, नाकाची सावली उजवीकडे, नाना हसतायत. मी तो बसवला आणि खुर्चीत मागे रेललो. उजेड जुळला होता, रंग जुळला होता, आणि तरीही नाना पगडीच्या आतून डोकावून बघत होते. पगडी एकीकडे, नाना दुसरीकडे.

इथे मी प्रथमच पट्टी हातात घेतली, म्हणजे माऊसने पिक्सेल मोजले. मूळ फोटोत नानांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर 64 पिक्सेल होतं. फराळाच्या फोटोत 128, म्हणजे बरोब्बर दुप्पट. निम्मा केला की डोळ्यांवर डोळे आणि ओठांवर ओठ पडत होते, म्हणूनच मी फसलो होतो. मग नाकाचं टोक मोजलं. मूळ फोटोत ते दोन डोळ्यांच्या मध्यापासून 9 पिक्सेल डावीकडे होतं. फराळाच्या फोटोत, निम्मा केल्यावर, जेमतेम 1. म्हणजे पगडीतले नाना सूर्याकडे साधारण पंधरा अंश वळले होते आणि फराळातले नाना सरळ चकलीकडे बघत होते.

डोळ्यांनी चुगली का केली नाही आणि नाकाने का केली, याचं कारण साधं आहे. मान पंधरा अंश वळली तरी डोळ्यांमधलं दिसणारं अंतर तीन-साडेतीन टक्केच कमी होतं. इथे त्याचा हिशेब दोन पिक्सेलांचा, म्हणजे नजरेत न येणारा. नाकाचं टोक मात्र चेहऱ्याच्या पुढे आलेलं असतं, त्यामुळे मान थोडी वळली की ते लगेच बाजूला सरकतं. मान किती वळली आहे हे बघायचं तर डोळे सोडून नाक बघावं. आणि मान वर आहे की खाली, हे बघायला कान. हनुवटी वर गेली की कान डोळ्यांच्या मानाने खाली उतरतात आणि नाकपुड्या दिसायला लागतात. हनुवटी खाली गेली की कान वर चढतात. खांद्याकडे कललेली मान हा तिसरा प्रकार, आणि तो एकटाच माणसाळलेला. फोटो तितकाच फिरवला की काम झालं. उरलेल्या दोन प्रकारांना फिरवाफिरवीचा इलाज नाही, कारण वळलेल्या चेहऱ्याचा जो भाग दिसायला हवा तो सरळ फोटोत तसा उमटलेलाच नसतो. चार-पाच अंशांचा फरक खपून जातो. दहाच्या पुढे गेलं की बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण तो नानांच्या तब्येतीची चौकशी करू लागतो.

तुम्ही म्हणाल, मग पगडीसकट अख्खं डोकंच का नाही बदललं? डोकं बदललं तर मूळ चेहऱ्याचा कोन जुळवायची गरजच राहत नाही, मान खांद्यांवर नीट बसली की पुरे. अगदी खरं आहे. पण नानांच्या इतर कुठल्याच फोटोत पगडी नव्हती, आणि पगडीच्या मागे काकूचा गजरा आणि जरीचा पदर असा काही गुंतला होता की तो कापून काढायला माझ्यापेक्षा बरा हात हवा होता. म्हणजे पगडी जागेवर राहणार, आणि आतला चेहरा तिच्याच कोनात बसणार. शिंकेच्या आधी माणूस मान मागे टाकतो. त्यामुळे मला हवे होते नाना: पगडीइतके डावीकडे वळलेले, हनुवटी वर, ऊन डावीकडून, आणि तरीही हसणारे. असा फोटो कोण कशाला काढेल?

मी अल्बम पालथे घातले. गणपतीपुळ्याची सेल्फी मिळाली, कोन झकास. पण हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पुढे धावतं आणि कान मागे पळतात, आणि अंगणातला फोटो काढणारा सहा मीटरवर उभा होता. सेल्फीतलं नाक बसवल्यावर नानांनी पगडीतून सोंड काढल्यासारखं दिसलं. सेल्फी बाद.

आणि मग प्रतापगडावरचा फोटो सापडला. महाराजांच्या पुतळ्याकडे बघणारे नाना. हनुवटी वर, हसू भक्तिभावाचं, अंतर भरपूर, कपाळावर टोपीची सावली. फक्त एकच गोष्ट उलटी होती, मान उजवीकडे वळलेली. आणि ऊनही उजवीकडून! दोन्ही एकदम उलटं असेल तर `Flip Horizontal` या एका क्लिकमध्ये दोन्ही एकदम सुलटं होतं. एकच उलटं असतं तर फोटो पलटून एक सुधारलं असतं आणि दुसरं बिघडलं असतं, हे मला तोवर पाठ झालं होतं. मी फोटो पलटला, बसवला, आणि पगडीत नाना असे चपखल बसले की मी रात्री साडेबाराला बायकोला उठवून दाखवलं. तिने मान डोलावली. झोपेत असावी.

दुसऱ्या दिवशी वाईला गेलो. नानांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "वा! आजवरच्या फोटोंत हाच अगदी माझ्यासारखा आलाय."

काकूने एक नजर टाकली. "हे कोण?"

"काकू, हे नाना."

"छे. तीळ कुठे गेला? डाव्या गालावर तीळ आहे ह्यांच्या. आणि नाक बघ."

तीळ उजव्या गालावर गेला होता. तो काय, इकडचा तिकडे हलवता येतो. पण नानांचं नाक कॉलेजात असताना क्रिकेटचा चेंडू लागून एका बाजूला किंचित वाकलेलं आहे, आणि माझ्या फोटोत ते दुसऱ्या बाजूला वाकलं होतं. एक भुवई जरा वर असते, तीही दुसरीच वर गेली होती. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, म्हणून पलटलेला चेहरा ओळखीचा असूनही परका वाटतो. नानांना मात्र तोच आपला वाटला, कारण ते पंचाहत्तर वर्षं स्वतःला आरशातच बघत आले आहेत. काकू त्यांना समोरून बघत आली आहे. अशा वादात कुणाचं मत ग्राह्य धरायचं हे आमच्या घरात पूर्वीच ठरलेलं आहे.

या बाबतीत मी एकटा नाही, एवढाच काय तो दिलासा. अमेरिकेत 1860च्या दशकात अब्राहम लिंकनचं एक रुबाबदार, उभं चित्र छापून विकलं गेलं. त्यातलं धड जॉन कॅल्हून या दुसऱ्याच नेत्याच्या जुन्या चित्रातलं, म्हणजे गुलामगिरीच्या कट्टर समर्थकाचं, आणि वर डोकं लिंकनचं. डोकं धडाला जुळावं म्हणून पलटलेलं होतं, त्यामुळे उजव्या गालावरचा लिंकनचा सुप्रसिद्ध तीळ चित्रात डावीकडे गेला. तिथे तिळामुळेच लबाडी उघडी पडली. आमच्याकडे काकूमुळे.

शेवटी मीच म्हणालो, जुळणारा फोटो मिळत नाही तर जुळणारा फोटो काढू. तेच अंगण, तीच खुर्ची, तेच ऊन. खरं तर हे आधीच सुचायला हवं होतं. पण ते सुचलं असतं तर नानांच्या नाकाचा एवढा अभ्यास झाला नसता.

"तेच ऊन कसं मिळेल? महिना होत आला," मी विचारलं.

काकूने तीस वर्षं भूगोल शिकवला आहे. तिने माझ्याकडे मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "22 डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिण टोक गाठून मागे फिरतो. 10 तारखेला तो जेवढा दक्षिणेला होता, जवळजवळ तेवढाच 2 जानेवारीला असणार. फक्त घड्याळ साडेदहाचं धरू नकोस." तिने कॅलेंडर काढून सूर्योदयाच्या वेळा दाखवल्या. दिवस मोठा व्हायला लागला तरी जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्योदय पुढे पुढेच सरकत असतो. या दोन तारखांत दहा-अकरा मिनिटांचा फरक. म्हणजे वाजायला हवे होते दहा चाळीस.

2 जानेवारीला भाड्याची पगडी पुन्हा आणली, कारण तिची कपाळावर पडणारी सावलीही जुळायला हवी. मी सहा मीटर मागे जाऊन फोनचा झूम लावला. मूळ फोटोची प्रिंट हातात. पहिला फोटो काढला तर नाकाच्या सावलीची बाजू बरोबर, पण सावलीतला गाल फार उजळ. त्या दिवशी नानांच्या त्या बाजूला आत्या, मामी, त्यांच्यामागे जावई अशी माणसांची भिंत होती. आता बाजू मोकळी, त्यामुळे पलीकडच्या पांढऱ्या भिंतीवरून ऊन उलटून गालावर येत होतं. उपाय म्हणून शेजारच्या दोन मुलांना काळी घोंगडी ताणून धरायला लावली. गाल लगेच हवा तेवढा गडद झाला. घोंगडीपलीकडून मुलांनी विचारलं, "आजोबांना काही झालंय का?"

"नाना, थोडं डावीकडे. आणखी थोडं. आता हनुवटी वर. नाक अजून जुळत नाहीये."

"अरे, मी जिवंत तुझ्यासमोर बसलोय! माझंच नाक मला जुळत नाही म्हणजे काय?"

"बस्स, असंच. आता हसा."

आणि नाना शिंकले.

पुन्हा मांडणी केली, पुन्हा तोच कोन, पुन्हा शिंक. मग प्रकाश पडला, दोन्ही अर्थांनी. काही माणसांना एकदम उजेडाकडे बघितलं की शिंक येते. हे घराण्यातही चालत येतं आणि आमच्या घराण्यात ते आहेच. त्या दिवशीही नाना उगाच शिंकले नव्हते. नेमक्या या दिशेला, एवढी हनुवटी वर करून, या वेळच्या उन्हाकडे बघितलं की त्यांना शिंक येते. म्हणजे मला जो कोन आणि जो उजेड हवा होता, शिंकेचं कारण तोच कोन आणि तोच उजेड. आतापर्यंत फोटो जुळत नव्हता म्हणून अडलं होतं. आता तो तंतोतंत जुळत होता म्हणून अडलं.

तोड पुन्हा काकूनेच काढली. "डोळे मिटून बसा. हा तीन म्हणाला की उघडा." नाना डोळे मिटून, मान वर करून, हसत बसले. मी एक, दोन, तीन म्हणालो आणि फोनचं बटण दाबून धरलं. डोळे उघडणं आणि शिंक येणं यांच्यामध्ये एक निमिष असतं, आणि त्या निमिषात फोन पाच-सहा फ्रेम ओढतो. त्यातल्या एकीत नाना शांत, प्रसन्न, पंधरा अंश डावीकडे. पुढच्याच फ्रेममध्ये नाकपुड्या फुगायला लागल्या होत्या.

यानंतरचं काम इतकं कमी होतं की मला अपमान झाल्यासारखं वाटलं. चेहरा योग्य मापाला आणला, `Opacity` निम्म्यावर ठेवून डोळ्यांचे बाहेरचे कोपरे मूळ फोटोवर टेकवले. या वेळी नाकाचं टोकही आपण होऊन जागेवर पडलं. पगडीच्या काठापासून हनुवटीपर्यंत मुखवट्याची कड मऊ केली, कान आणि मान मूळचेच ठेवले. फोनचा फोटो नको तितका धारदार असतो, म्हणून तो किंचित धूसर केला आणि शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांवर होता तेवढा दाणा त्यात मिसळला. रंगाला फारसा हात लावावा लागला नाही. फोटो बदलायला अर्धा तास पुरला. डिसेंबर गेला होता तो फोटो निवडण्यात.

फ्रेम लागली. पहिल्याच रविवारी नानांचे स्नेही आले, त्यांचा वाईत फोटो स्टुडिओ होता. कुणीतरी त्यांना सांगितलं की यात एक चेहरा नंतर बसवलाय, ओळखा. ते हात मागे बांधून बराच वेळ फ्रेमसमोर उभे राहिले. नानांवरून नजर पुढे गेली, आत्यांवरून गेली, आणि रांगेच्या टोकाला थांबली.

"हा," ते म्हणाले. "सगळ्यांवर ऊन आहे आणि याच्या नाकाला सावलीच नाही. चेहराही निळसर मारतोय. इतकं कच्चं काम कुणी केलं?"

तो मी होतो. आंब्याच्या सावलीत उभा राहिलेल्या माणसावर ऊन येत नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो. तो सगळीकडून सारखा पडतो आणि निळसरच असतो. माझा चेहरा शंभर टक्के अस्सल आहे.